मांडव गेला, करार आला

आमच्या वसईत पूर्वी लग्नाची तारीख ठरायची आणि मग मांडववाल्याकडे माणूस जायचा. आता आधी हॉलची तारीख मिळते आणि मग लग्न ठरतं. भटजींनी पंचांग पाहून पाच मुहूर्त काढून दिले, तरी त्यांतला कुठला धरायचा ते हॉलच्या मॅनेजरची वही सांगते. व्याह्यांच्या बैठकीत देण्याघेण्याची यादी उघडण्याआधीच कोणीतरी विचारतं, "हॉल पाहिलात का?"

तारखांची ही ओढाताण वसईत जरा जास्तच, कारण इथं एकाच हॉलवर दोन पंचांगं चालतात. चातुर्मासात हिंदूंची लग्नं थांबतात, ती तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात. पौषात पुन्हा मुहूर्त विरळ होतात, पण नेमका नाताळ आटोपलेला असतो आणि गास, निर्मळ, नंदाखालच्या ख्रिस्ती घरांत लग्नांची धांदल असते. उपवासकाळात त्यांची थांबतात, तर इकडे माघ-फाल्गुनातले मुहूर्त निघतात. मे महिन्यात दोन्हीकडचे लोक एकाच दारात उभे. त्यात एखाद्या वर्षी गुरू-शुक्राचा अस्त आला की बघायला नको. २०२४ साली ऐन मे-जूनमध्ये अस्तामुळे मुहूर्त जवळजवळ नव्हतेच, तेव्हा अलीकडच्या-पलीकडच्या तारखांवर सगळ्यांची झुंबड उडाली. हॉलवाल्याच्या दृष्टीनं वर्षातले मोजके दिवस सोन्याचे आणि बाकीचे रिकामे. करारातली बहुतेक कलमं या एका हिशेबातून जन्मलेली असतात.

आमच्या लहानपणी हा हिशेबच नव्हता, कारण जागा विकत घ्यायची वस्तू नव्हती. लग्न वाडीतच लागायचं. केळीच्या दोन रांगा वेळेआधी काढून जागा मोकळी करायची, अंगण चोपून सारवायचं, बांबू उभे करून वर नारळीचे झाप टाकायचे. मुहूर्तमेढ रोवली की मांडव घरचा झाला. मांडववाल्याला विसार म्हणून जे काही हातावर ठेवायचं, त्याची पावती कोणी मागत नसे. मागितली असती तर तो रागावला असता. वऱ्हाडाचं जानवसघर म्हणजे शेजारच्यांची ओटी आणि माडी. मुलाकडची माणसं जास्त आली, तर पलीकडच्या वाडीतला माणूस स्वतःहून येऊन चारजणांना घेऊन जायचा.

कागद मात्र एका ठिकाणी असायचा, भांड्यांच्या वहीत. ज्ञातीची किंवा देवळाची मोठी भांडी लग्नासाठी मिळायची. टोप, पराती, तपेली, ओगराळी, झारे, पाण्याची पिंपं, वर देणाऱ्याचं नाव कोरलेलं. वही सांभाळणारे काका एकेक नग वाजवून मोजून द्यायचे आणि तसाच मोजून परत घ्यायचे. पोचा आला असेल तर बोट ठेवून दाखवायचे. झारा हरवला तर झारा आणून द्यायचा. त्याच्या किमतीवर वाद नसे, कारण झारा बाजारात केवढ्याला मिळतो हे दोघांनाही माहीत होतं. आजच्या करारात ज्याला 'डॅमेज क्लॉज' म्हणतात, तो आमच्याकडे तेव्हाही होता. फरक एवढाच की देतानाची मोजणी दोघांच्या देखत व्हायची.

वेळेचंही तसंच. रात्री उशिरापर्यंत लग्न रेंगाळू नये म्हणून कोणी दर लावलेला नव्हता, तरी ते रेंगाळत नसे. पेट्रोमॅक्सच्या बत्त्यांना रॉकेल मोजून आणलेलं असायचं. मुंबईहून आलेल्या पाहुण्यांचं निम्मं लक्ष जेवणात आणि निम्मं शेवटच्या लोकलकडे. बोरिवली ते विरार तेव्हा दोनच रुळांवर गाड्या धावत. चार रूळ व्हायला २००७ साल उजाडलं. गाडी चुकली तर रात्र वसई रोडच्या फलाटावर. बाहेरगावचं वऱ्हाड एसटीच्या प्रासंगिक करारावर आलेलं असेल, तर ड्रायव्हर थांबलेल्या वेळेचे पैसे आठवण करून द्यायचा. तेवढाच एक ओव्हरटाइम आम्हाला ठाऊक होता.

हे सगळं फुकट होतं असं मात्र कोणी म्हणू नये. त्याची किंमत घरातल्या बायका मोजत. चार दिवस आधीपासून दळण, निवडणं, वाटणं, पाणी भरणं आणि नंतर आठवडाभर भांडी घासणं. शेजाऱ्यानं ओटी दिली की त्याच्या मुलीच्या लग्नात आपली द्यावी लागे, मनात असो वा नसो. आणि लग्न मोडलं किंवा पुढं गेलं, तर नुकसान वाटून घेतलं जायचं. आचाऱ्याचा विसार बुडायचा, मांडववाला पुढच्या तारखेला तेच बांबू त्याच पैशांत उभे करायचा, केळी मात्र गेलेल्या असत. कुणी किती सोसायचं हे लिहिलेलं नव्हतं. ते माणसाच्या पतीवर ठरायचं. ज्याची पत कमी, त्याला जास्त सोसावं लागायचं, हेही तेवढंच खरं.

पुढं वाड्याच उरल्या नाहीत. १९९०च्या सुमारास या पट्ट्याचं नियोजन सिडकोकडे गेलं, स्टेशनांच्या दोन्ही बाजूंना चारमजली इमारती झाल्या, गिरणगावातली आणि उपनगरांतली माणसं नालासोपारा-विरारला घरं घेऊन आली. २००९ साली चार नगरपरिषदा आणि आसपासची गावं मिळून महानगरपालिका झाली. वन रूम किचनच्या बाहेर मांडव घालायचा कुठं? सोसायटीच्या आवारात गाड्या. मग ज्ञातींची सभागृहं आली, त्यानंतर हायवेकडची लॉन्स आणि शेवटी वातानुकूलित बँक्वेट. ज्ञातीच्या सभागृहात पावतीच्या तळाशी एकच ओळ छापलेली असायची, की भाडं परत मिळणार नाही. बँक्वेटनं त्या एका ओळीची चार पानं केली.

ती चार पानं कशी चालतात, ते भाचीच्या लग्नात जवळून पाहिलं. विरार पश्चिमेचा एक हॉल, संध्याकाळचं सत्र, दुपारी ४ ते रात्री ११. भाडं १,२०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा, मोडतोडीसाठी २५,००० डिपॉझिट. बुकिंगच्या दिवशी भाड्याची निम्मी रक्कम म्हणजे ६०,००० भरायची, उरलेली लग्नाआधी. मेव्हण्यांनी सही केली आणि पेढे वाटले.

लग्नाला ४७ दिवस उरले असताना मुलाकडच्या आजी गेल्या. तारीख पुढं ढकलायचं ठरलं. मेव्हण्यांनी त्याच दिवशी मॅनेजरला फोन केला, तो "काळजी करू नका, साहेब" म्हणाला. भेटायला येण्याजाण्यात चार दिवस गेले आणि लेखी पत्र हॉलवर पोचलं तेव्हा ४३ दिवस उरले होते. मग करार उघडला. रद्द करण्याचे टप्पे असे होते: ९० दिवसांहून आधी कळवलं तर २५ टक्के कापणार, ९० ते ४५ दिवसांत ५० टक्के, ४५ ते १५ दिवसांत ७५ टक्के आणि त्याच्या आत आलात तर काहीच परत नाही. तारीख बदलणं म्हणजे जुनं बुकिंग रद्द आणि नवं सुरू, हे वेगळ्या कलमात.

आता प्रश्न दोन. दिवस फोनपासून मोजायचे की पत्रापासून? आणि टक्के कशाचे, पूर्ण भाड्याचे की भरलेल्या पैशांचे? फोन धरला आणि टक्के भरलेल्या रकमेवर लावले, तर ३०,००० परत मिळतात. पत्र धरलं तर १५,०००. टक्के पूर्ण भाड्यावर लावून फोन धरला, तर ६०,००० कापले जातात आणि हाती शून्य. आणि पत्र धरून पूर्ण भाड्याचे ७५ टक्के काढले तर ९०,००० होतात, म्हणजे भरलेले ६०,००० गेलेच, वर आणखी ३०,००० द्यायचे. एकाच करारातून चार उत्तरं निघतात आणि पहिल्या-शेवटच्या उत्तरात ६०,००० रुपयांचं अंतर पडतं. छापील मजकुरात 'लेखी सूचना कार्यालयात पोचल्यापासून' आणि 'एकूण भाड्याच्या' हे शब्द होते. बुकिंगच्या दिवशी ते कोणीच वाचले नव्हते. मॅनेजरनं शेवटचं उत्तर पुढं केलं.

पूर्वी असल्या वेळी चार शहाणी माणसं बसायची. या वेळी घरातल्या एका वकील पोरीनं दोन गोष्टी केल्या. पहिली अगदी साधी. तिनं मैत्रिणीला त्याच हॉलवर फोन करायला लावला आणि तीच तारीख मागितली. उत्तर आलं, "ती भरली, मॅडम." म्हणजे पत्र मिळाल्यावर हॉल दुसऱ्याला देऊन झाला होता. दुसरी गोष्ट कायद्याची. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे आणि त्याचं ७४वं कलम सांगतं, की करार मोडल्यास अमुक रक्कम द्यायची असं लिहिलेलं असलं, तरी तेवढी रक्कम आपोआप मिळत नाही. मिळते ती वाजवी भरपाई आणि लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. छापलेले ७५ टक्के म्हणजे जास्तीत जास्त ७५, हक्काचे ७५ नव्हेत.

याचं मोठं उदाहरण लग्नाचं नाही, दिल्लीतल्या एका भूखंडाचं आहे. १९८२ साली कैलाशनाथ असोसिएट्सनं दिल्ली विकास प्राधिकरणाच्या लिलावात ३ कोटी १२ लाखांची बोली लावून ७८ लाख इसारा भरला. पुढं व्यवहार फिसकटला, प्राधिकरणानं इसारा जप्त केला आणि १९९४ साली तोच भूखंड ११ कोटी ७८ लाखांना विकला. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयानं ७८ लाख व्याजासह परत करायला सांगितले. त्या प्रकरणात खरेदीदारानं करार मोडलाच नव्हता, हे न्यायालयानं आधी म्हटलं. पण त्याबरोबर हेही स्पष्ट केलं, की नुकसान झालंच नसेल तर ७४व्या कलमाखाली भरपाई मागता येत नाही. हॉलचा न्याय वेगळा कसा असेल? तीच तारीख त्याच दरानं दुसऱ्याला गेली, तर मालकाचं नुकसान म्हणजे थोडी धावपळ आणि कागदपत्रं. तारीख रिकामी राहिली तर मात्र त्याचं म्हणणं खरं असतं. पंधरा दिवसांवर आलेली मे महिन्यातली तारीख कोण घेणार? टप्पे चढते असतात, त्यात तथ्य आहे. सगळा प्रश्न जागा पुन्हा भरली की नाही, एवढाच आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये 'अनुचित करारा'ची व्याख्याही आली आहे. ग्राहकाकडून अवाच्या सवा सुरक्षा ठेव घेणं आणि करार मोडल्याच्या नुकसानीशी न जुळणारा दंड लावणं, या दोन्ही गोष्टी तिच्यात नावानिशी आहेत. करारच अनुचित आहे म्हणायचं, तर राज्य आयोगाकडे जावं लागतं. पैसे अडकवले, ठरलेली सेवा दिली नाही, एवढीच तक्रार असेल तर जिल्हा आयोग. रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथं शुल्क लागत नाही आणि तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची असते. आमच्याकडे तिथवर वेळ आली नाही. हॉलनं १०,००० ठेवून घेतले आणि ५०,००० नव्या तारखेला वळते केले. त्याची मॅनेजरकडून लेखी नोंद मात्र पोरीनं सोडली नाही.

करोनानं हे सगळं एकदाच उघडं केलं होतं. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि भरलेले हॉल बंद पडले. २०२१च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रात लग्नाला २५ माणसं आणि दोन तास, मोडल्यास ५०,००० दंड, असा नियम आला. कोणाचाच दोष नसताना पैसे कोणाचे बुडायचे, हे बहुतेक करारांत लिहिलेलंच नव्हतं. आता 'अपरिहार्य परिस्थिती'चं कलम सगळीकडे दिसतं, पण ते नीट वाचावं. पुष्कळदा त्यात फक्त हॉलवाल्याची सुटका असते आणि ग्राहकाच्या पैशांचं काय, यावर चकार शब्द नसतो.

नव्या तारखेच्या बुकिंगला मेव्हणे तयारीनं गेले. मोडतोडीच्या कलमात लिहिलं होतं, की झालेलं नुकसान व्यवस्थापन ठरवेल तेवढं डिपॉझिटमधून कापलं जाईल. काय फुटलं तर किती, याचा आकडा नाही. लग्नात नेमकं काय बिघडतं हे हॉलवाल्यांना पाठ असतं. हळदीचे डाग गाद्यांवर आणि फरशीवर, डेकोरेटरच्या खिळ्यांची भिंतीला भोकं, चिकटपट्टीबरोबर निघालेला रंग, वधूच्या खोलीतला आरसा, हरवलेला एसीचा रिमोट, तुटलेली खुर्ची. यांतलं अर्धं सामान आधीच्या लग्नानं बिघडवलेलं असू शकतं. मेव्हण्यांनी दरांची यादी मागितली आणि ती कराराला जोडून घेतली. लग्नाच्या दिवशी ताबा घेताना पुतण्यानं मॅनेजरबरोबर फिरून फोटो काढले, दोन भिंतींवरची जुनी भोकं त्याला दाखवली आणि निघताना पुन्हा फिरला. वहीवाले काका असते, तर त्यांनी पोराची पाठ थोपटली असती. डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, तेही मेव्हण्यांनी लिहून घेतलं, नाहीतर ते महिनोन्‌महिने 'अकाउंट्सकडे' असतं.

ओव्हरटाइमची गोष्ट जास्त अवघड. अकरानंतर दर अर्ध्या तासाला १०,००० आणि अर्ध्या तासातली पाच मिनिटंही पूर्ण धरणार. सात तासांचं भाडं १,२०,००० म्हणजे अर्ध्या तासाला साडेआठ हजारांच्या आसपास पडतं. दर थोडा चढा आहे, पण लूट म्हणावी असा नाही. फसगत दरात नसते, घड्याळ कधी थांबतं यात असते. पाहुणे गेले म्हणजे हॉल सुटला असं आपण धरतो. करारात 'जागा पूर्ण मोकळी' असं असतं. म्हणजे केटररच्या शेगड्या उतरल्या, डेकोरेटरच्या कमानी टेम्पोत चढल्या, फुलांचा कचरा निघाला, तेव्हा. मुहूर्त ६ वाजून ५२ मिनिटांचा असतो, वरात रस्त्यावर नाचत राहते, अक्षता साडेसातला पडतात. मग स्टेजवर फोटोंची रांग, मग जेवणं. दहाला स्पीकर बंद करावा लागतो, कारण ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ मनाई आहे. बंदिस्त सभागृहाला सूट आहे खरी, पण आवाज आतल्या आत राहील एवढीच. लॉनवर तीही नाही. पावणेअकराला पाठवणी आटोपते, सगळ्यांना वाटतं वेळेत झालं. डेकोरेटर तेव्हा पहिली गाठ सोडत असतो.

सुरुवातीलाही हेच होतं, उलट्या बाजूनं. सकाळच्या लग्नवाल्यांनी ३ऐवजी साडेचारला हॉल सोडला, तर हॉल त्यांच्याकडून ओव्हरटाइम घेतो. आपला अर्धा तास गेला त्याचं काय, यावर करार गप्प असतो. उशिराचे पैसे एकाच दिशेनं वाहतात.

मेव्हण्यांनी छापील पानाच्या समासात चार ओळी हातानं लिहून नेल्या होत्या. टक्के भरलेल्या रकमेवर लागतील. तारीख दुसऱ्याला गेली तर फक्त कार्यालयीन खर्च कापला जाईल. आधीच्या कार्यक्रमामुळे ताबा उशिरा मिळाला, तर तेवढा वेळ शेवटी वाढवून मिळेल. आणि सामान काढायला अकरानंतर अर्धा तास विनाशुल्क. मॅनेजरनं मालकाला फोन केला, पहिल्या तिन्हींवर सही केली. छापलेला करार म्हणजे दगडावरची रेघ असं आपण समजतो, प्रत्यक्षात ऑफ सीझनला आणि भरपूर आधी गेलं तर पेन चालतं.

चौथी ओळ मात्र त्यानं खोडली. म्हणाला, "काका, तुमच्यानंतर सकाळचं लग्न आहे. त्यांचा डेकोरेटर साडेअकराला गाडी घेऊन खाली थांबतो. तुमचा अर्धा तास मी त्यांच्या झोपेतून देऊ का?" मेव्हण्यांकडे यावर उत्तर नव्हतं. पूर्वीही भांडी संध्याकाळपर्यंत परत पोचवायची घाई याचसाठी असायची, की दुसऱ्या वाडीत चूल मांडलेली असे. फक्त तेव्हा ते घर कोणाचं हे आपल्याला माहीत असायचं. त्या रात्री मेव्हण्यांनी डेकोरेटरला ठरलेल्या पैशांवर २,००० जास्त देऊन दोन माणसं वाढवली आणि हॉल अकराला दहा मिनिटं कमी असताना मोकळा झाला. १०,०००ची पावती फाडण्यापेक्षा हा खर्च परवडला, असं ते हिशेब करून सांगतात.